"केस आहे, पण स्टे नाहीये": मुंबईत घर घेताना लिस पेंडन्स कसा तपासायचा

मुंबईत रिसेलचा फ्लॅट शोधायला लागलात की कधी ना कधी हे वाक्य कानावर येणारच: "केस आहे हो, पण स्टे नाहीये, बिनधास्त घ्या." ब्रोकर सांगतो, मालक सांगतो, कधीकधी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा सांगतो, आणि भाव बाजारापेक्षा दहा-पंधरा लाखांनी कमी असतो म्हणून आपल्यालाही ते पटायला लागतं. माझा मामेभाऊ मुलुंडला घर बघत होता तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं गेलं, आणि त्या फ्लॅटचे कागद घेऊन वकील, रजिस्ट्रार ऑफिस आणि कोर्ट असं फिरायचं काम माझ्याकडे आलं. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. मी वकील नाही, त्यामुळे सही करण्याआधी वकील लागेलच, पण वकिलाला नेमकं काय विचारायचं आणि कुठला कागद मागायचा हे तुम्हाला आधीच माहीत असलं तर खूप फरक पडतो.

1. मूळ नियम काय आहे ते आधी समजून घ्या

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे आणि त्याचं कलम 52 म्हणजे लिस पेंडन्स. सोप्या भाषेत असं, की एखाद्या घराच्या किंवा जमिनीच्या हक्कावरून कोर्टात खराखुरा दावा चालू असेल, तर दाव्यातल्या कुठल्याही पक्षाला मधल्या मधे ती मालमत्ता विकून, गहाण टाकून किंवा बक्षीस देऊन समोरच्या पक्षाचं नुकसान करता येत नाही. विकली तर विक्री रद्द होत नाही, हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच लोक गोंधळतात. दस्त नोंदला जातो, स्टॅम्प ड्युटी घेतली जाते, सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवते, सगळं होतं. फक्त निकाल लागेल तेव्हा तो तुम्हालाही लागू होतो, तुम्ही त्या केसमध्ये पार्टी असा वा नसा. विकणाऱ्याच्या डोक्यावर जी टांगती तलवार होती ती दस्ताबरोबर तुमच्या डोक्यावर येते.

असा नियम का, तर नसता तर कुठलाच दावा संपला नसता. वादी पाच वर्षं भांडून जिंकायच्या बेतात आला की प्रतिवादी फ्लॅट तिसऱ्याला विकणार, वादी त्या तिसऱ्यावर नवा दावा लावणार, तो चौथ्याला विकणार. म्हणून कायदा म्हणतो की दावा चालू असताना जो कोणी येईल तो विकणाऱ्याच्या जागी उभा राहील, त्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळणार नाही.

यात "मला माहीत नव्हतं" हा बचाव चालत नाही. सुप्रीम कोर्टाने 2008 साली तामिळनाडूतल्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. तिथे पहिल्या खरेदीदाराने करार पूर्ण करून मिळावा म्हणून 3 मे 1975 ला दावा टाकला आणि मालकाने 5 मे 1975 ला, म्हणजे दोनच दिवसांनी, ती जागा दुसऱ्याला विकली. दुसऱ्याने चांगल्या हेतूने पैसे मोजून घेतली होती तरी कोर्टाने सांगितलं की लिस पेंडन्सचा नियम त्याला लागणारच. एरवी स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम 19(ब) अशा प्रामाणिक खरेदीदाराला सांभाळून घेतं, पण कलम 52 आडवं आलं की ते संरक्षण उपयोगी पडत नाही.

कुठल्या दाव्यांना हे लागतं तेही बघा. घराचा हक्क थेट वादात असायला हवा: साठेकरार पूर्ण करून द्या, भावंडांमध्ये वाटणी करा, माझा मालकी हक्क जाहीर करा, गहाण सोडवा, अशा प्रकारचे दावे. मालकाने कोणाचे उसने पैसे दिले नाहीत आणि त्याने नुसत्या पैशांसाठी दावा लावलाय, तर तेवढ्याने फ्लॅटवर लिस पेंडन्स येत नाही. तिथे जप्ती वगैरेचे प्रश्न वेगळे असतात, ते वेगळे तपासावे लागतात.

2. मुंबईत यात एक मोठा फरक आहे

हा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो, आणि इंटरनेटवर बाकी राज्यांचं वाचून लोक चुकीचा निष्कर्ष काढतात. मुंबई प्रांताने 1939 साली कलम 52 मध्ये दुरुस्ती केली. ती दुरुस्ती म्हणते की दावा चालू आहे एवढंच पुरेसं नाही, त्या दाव्याची नोटीस नोंदणी कायद्याच्या कलम 18 खाली रजिस्ट्रार ऑफिसात नोंदवलेली असली पाहिजे, आणि ती नोंदवल्यानंतर जे व्यवहार होतील त्यांनाच लिस पेंडन्सचा नियम लागेल. नोटिशीत मालकाचं नाव-पत्ता, मालमत्तेचं वर्णन, कोर्ट कुठलं, दाव्याचं स्वरूप आणि नाव, आणि दावा दाखल झाल्याची तारीख एवढं असावं लागतं.

यामागचा विचार खरेदीदाराच्या सोयीचा आहे. देशभरच्या कुठल्या कोर्टात कुठला दावा पडलाय हे साध्या माणसाला कळणं शक्य नाही, पण रजिस्ट्रारकडची नोंद त्याला शोधता येते. सुप्रीम कोर्टानेही 2010 च्या एका निकालात महाराष्ट्र-गुजरातच्या या पद्धतीचा उल्लेख करून म्हटलं होतं की अशी नोंदणी सगळीकडे असायला हवी.

आता यातली मेख ऐका. ही दुरुस्ती बृहन्मुंबईतल्या मालमत्तांसाठी आहे, आणि बाकी भागाला राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली तरच लागते. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडचा फ्लॅट असेल तर नोंदवलेली नोटीस बघायची, आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरलात, किंवा वाशी, मीरा रोड, वसई-विरारला घर बघताय, तर तिथे नोटीस नोंदवलेली नाही म्हणून आपण सुटलो असं अजिबात धरू नका. तिथे मूळ कलम डोळ्यांसमोर ठेवायचं: दावा ज्या दिवशी कोर्टात दाखल झाला त्या दिवसापासून बंधन. "मुंबईचा वकील म्हणाला नोटीस नाही म्हणजे ओके" हे वाक्य ऐरोलीच्या फ्लॅटला लावू नका, त्याच वकिलाला पुन्हा विचारा.

3. एक केस तारखांसकट बघू

मामेभावाच्या फ्लॅटची गोष्ट थोडी सोपी करून सांगतो, आकडे गोल केलेत. मुलुंड पूर्वेला वन बीएचके. मालकाने फेब्रुवारी 2020 मध्ये एका गृहस्थांशी 85 लाखांत सौदा ठरवला, 15 लाख घेतले, आणि स्टॅम्प पेपरवर एमओयू केला. रजिस्टर केला नाही, मुंबईत रिसेलमध्ये सर्रास असं चालतं, "नंतर करू" म्हणून. मग भाव वाढले आणि 2021 मध्ये मालक मागे फिरला. त्या गृहस्थांनी 13 जून 2022 ला सिटी सिव्हिल कोर्टात दावा टाकला, की करार पूर्ण करून फ्लॅट माझ्या नावावर करून द्या, आणि त्यांच्या वकिलाने 22 ऑगस्ट 2022 ला लिस पेंडन्सची नोटीस नोंदवली. स्टे मिळाला नव्हता. मालक 1 कोटी 20 लाखांना फ्लॅट विकायला काढून बसला.

आता असं समजा की तुम्ही हा फ्लॅट तीन वेगवेगळ्या वेळी घेताय.

जुलै 2022 मध्ये घेतलात. दावा पडलाय पण नोटीस अजून नोंदवलेली नाही. जागा मुंबईत असल्यामुळे कलम 52 तुम्हाला बांधत नाही. पण लगेच निश्चिंत होऊ नका. पहिल्या खरेदीदाराचा करार तुमच्या आधीचा आहे, त्यामुळे तुम्हाला कलम 19(ब) चा आधार घ्यावा लागेल आणि कोर्टाला दाखवावं लागेल की मी पूर्ण मोबदला दिला, चांगल्या हेतूने दिला, आणि आधीच्या कराराची मला माहिती नव्हती. हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ब्रोकरने व्हॉट्सअ‍ॅपवर "केस है लेकिन स्टे नहीं" असं लिहिलेलं असलं तर तो एक मेसेज तुमचा सगळा बचाव संपवू शकतो.

सप्टेंबर 2022 मध्ये घेतलात. नोटीस नोंदवून झाली आहे. आता तुम्हाला माहीत होतं की नव्हतं हा प्रश्नच उरत नाही, निकाल तुम्हाला लागू.

2025 मध्ये घेतलात, तोपर्यंत समजा दावा फेटाळला गेलाय आणि वादी अपिलात गेलाय. तरीही बांधील. दावा "चालू" असण्याचा काळ दाखल झाल्यापासून सुरू होतो तो हुकूमनाम्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत, किंवा ती करायची मुदत संपेपर्यंत चालतो, आणि अपील हा त्याच दाव्याचा पुढचा भाग धरला जातो. वादी जिंकला तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी त्याच्याकडे 12 वर्षं असतात. तेवढा काळ सावट राहू शकतं.

आता समजा सप्टेंबर 2022 वाल्या तुमच्याविरुद्ध निकाल गेला. पैशांचं काय होतं ते बघा. पहिला खरेदीदार राहिलेले 70 लाख कोर्टात भरेल. मग मूळ मालकाने आणि तुम्ही दोघांनी मिळून त्याला खरेदीखत करून द्यायचं. तुम्ही का, तर आता मालकी तुमच्या नावावर आहे, ती तुमच्याकडूनच त्याच्याकडे जायला हवी, सुप्रीम कोर्टाने 1954 सालापासून हीच पद्धत योग्य मानली आहे. तुम्ही मालकाला दिले 1 कोटी 20 लाख, त्यावर सहा टक्क्याने 7 लाख 20 हजार स्टॅम्प ड्युटी, 30 हजार नोंदणी फी, ब्रोकरेज वेगळं, आत केलेलं फर्निचर वेगळं. ते 70 लाख कोणाला द्यायचे हे कोर्ट ठरवतं, आणि ते तुम्हाला मिळाले तरी बाकीची सगळी वसुली मालकाकडून. तो कुठे असेल आणि त्याच्याकडे तेव्हा काय शिल्लक असेल हा तुमचा प्रश्न, आणि होम लोनचा हप्ता दर महिन्याला चालूच.

हे गणित कागदावर मांडलं तेव्हा भावाला ते पंधरा लाख स्वस्त पडणारं घर एकदम वेगळं दिसायला लागलं. तुम्हीही तुमच्या आकड्यांनी एकदा मांडून बघा.

4. शोध कसा घ्यायचा

आधी हे हाताशी ठेवा:

- सध्याच्या मालकाचं आणि त्याच्या आधीच्या सगळ्या मालकांचं पूर्ण नाव, जितक्या स्पेलिंगनी लिहिलं जात असेल तितक्या
- फ्लॅट नंबर, बिल्डिंग आणि सोसायटीचं नाव
- जमिनीचा नंबर: उपनगरात सीटीएस नंबर आणि गाव, शहर भागात सीएस नंबर आणि डिव्हिजन
- प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक
- आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स 2 सकट, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा रजिस्ट्रारकडचा सारांश
- शेअर सर्टिफिकेट

नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या साइटवर ई-सर्च आहे. मुंबईचे जुने दस्त बरेच मागपर्यंत सापडतात, पण सगळे सापडतातच असं नाही, त्यामुळे वकिलामार्फत सर्च क्लार्क पाठवून 30 वर्षांचा सर्च घ्याच. ऑनलाइन शोध तुम्ही स्वतः आधी करायचा, म्हणजे बयाणा द्यायच्या आधीच धोका दिसतो.

आता नेमकं काय बघायचं. इंडेक्स 2 उघडला की सगळ्यात वर "विलेखाचा प्रकार" असा रकाना असतो. एरवी तिथे करारनामा, बक्षीसपत्र, गहाणखत असं काहीतरी दिसतं. नोटीस असेल तर तिथे लिस पेंडन्सचा उल्लेख येतो. मोबदल्याच्या जागी शून्य किंवा अगदी नगण्य आकडा. दस्त करून देणाऱ्याच्या रकान्यात तुमच्या मालकाचं नाव असेलच असं नाही, कारण नोटीस देणारा वादी असतो. म्हणून फक्त मालकाच्या नावाने शोधलंत तर ती निसटू शकते, फ्लॅटने आणि सीटीएस नंबरने दोन्हीकडून शोधा.

सीटीएस नंबरने शोधायचं अजून एक कारण आहे. कित्येकदा वाद तुमच्या फ्लॅटचा नसून बिल्डिंगखालच्या जमिनीचा असतो, जमीनमालकाच्या वारसांचा आपसात किंवा बिल्डरशी, आणि नोटीस अख्ख्या प्लॉटवर लागलेली असते. तिच्यात तुमचा 402 नंबर कुठेच लिहिलेला नसतो. जुन्या बिल्डिंगमध्ये, विशेषतः जिथे सोसायटीला कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी, मिळालेला नाही तिथे, हे हमखास तपासा.

वेगवेगळी ऑफिसं धरून शोधायला विसरू नका. उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला अशी दुय्यम निबंधकांची ऑफिसं आहेत आणि एकेका भागात अनेक आहेत, दस्त त्यातल्या कुठल्याही एकात नोंदलेला असू शकतो. एकाच ऑफिसचा सर्च करून "क्लिअर" लिहिणारा रिपोर्ट मिळाला तर तो परत करा.

मग कोर्टाकडे वळा. services.ecourts.gov.in वर पक्षकाराच्या नावाने सिटी सिव्हिल कोर्टातले दावे शोधता येतात, आणि हायकोर्टाच्या साइटवर तिथले. सिटी सिव्हिलमध्ये मुख्य फोर्टचं आणि उपनगरासाठी दिंडोशीचं, दोन्हीकडे बघा. घरगुती वाद असेल तर बांद्र्याचं फॅमिली कोर्ट, आणि भाडेकरूचा वाद असेल तर स्मॉल कॉजेस. नावाचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी शोध रिकामा येतो, म्हणून आडनाव एकटं टाकूनही बघा. बिल्डरकडून नवीन घर घेत असाल तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्टच्या पानावर बिल्डरने जाहीर केलेले खटले असतात, ते वाचाच, पण बिल्डरने स्वतः लिहिलेलं आहे एवढं ध्यानात ठेवून.

शेवटी वकिलाकडून एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहीर नोटीस द्या, साधारण 14 दिवसांची हरकतीची मुदत ठेवून. वर सांगितलेल्या गोष्टीतला रजिस्टर न केलेला एमओयू इंडेक्समध्ये कधीच दिसला नसता. असे लोक जाहीर नोटीस वाचूनच पुढे येतात.

5. नोटीस सापडली, आता कागद मागवा

नोटीस दिसली म्हणून घाबरून लगेच सौदा सोडायची गरज नाही, आणि मालकाच्या "खोटी केस आहे" यावर विसंबायचीही नाही. नोटिशीतला दावा क्रमांक घ्या आणि तीन गोष्टी मिळवा: दाव्याची प्रत म्हणजे प्लेन्ट, त्यावर मालकाने दिलेलं लेखी उत्तर, आणि आजपर्यंतचे सगळे आदेश. मालकाला खरंच विकायचं असेल तर त्याच्या वकिलाकडून हे एका दिवसात येतं. आलं नाही तर तेच उत्तर समजा.

प्लेन्ट हातात आली की सरळ शेवटी जा, जिथे वादीने कोर्टाकडे काय मागितलंय ते असतं. तिथे "करार पूर्ण करून द्यावा आणि ते शक्य नसल्यास नुकसानभरपाई" असं आहे, की "अमुक हिस्सा माझा आहे", की फक्त पैसे? मागच्या पानावर मालमत्तेचं वर्णन असतं, ते तुमच्या फ्लॅटशी जुळतं का? मग तारखा लावा: दावा कधी, नोटीस कधी, मालकाच्या नावावर फ्लॅट कधी आला. कधीकधी तुमच्या विक्रेत्यानेच दावा चालू असताना घर घेतलेलं निघतं, म्हणजे तो स्वतःच बांधील आहे आणि तुम्ही त्याच्या मागे रांगेत.

वाटणीच्या दाव्यात अजून एक गोष्ट. चार भावंडांची जागा आहे आणि एकच भाऊ विकतोय, तर नोटीस नोंदवलेली असो वा नसो, तो स्वतःच्या हिश्शापेक्षा जास्त विकूच शकत नाही. तिथे नोटीस नाही म्हणून खुश होण्यात अर्थ नाही, कारण अडचण लिस पेंडन्सची नसून मालकीचीच आहे.

6. नेहमीच्या फसण्याच्या जागा

स्टे नाही, हे सगळ्यात मोठं फसवं वाक्य. स्टे असताना विकणं म्हणजे कोर्टाचा आदेश मोडणं, त्याचे परिणाम वेगळे. पण स्टे नसला तरी लिस पेंडन्स आपल्या जागी असतो, त्याला कोर्टाच्या वेगळ्या आदेशाची गरजच नसते. उलट बऱ्याच वेळा कोर्ट स्टे द्यायला कां-कूं करतं तेव्हा वादीचा वकील नोटीस नोंदवून ठेवतो, कारण त्याच्या अशिलाचं रक्षण तेवढ्याने होतं.

बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे टायटल क्लिअर, हा दुसरा समज. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, आणि त्याच्या नजरेतून सुटलं तर बँकेचं गहाणही निकालाला बांधील असतं, पण हप्ते तुम्हीच भरता.

इंडेम्निटी बॉन्ड देतो, म्हणजे तुमचं नुकसान झालं तर मी भरून देईन असं लिहून देतो, असं मालक म्हणतो. द्यायलाच हवा, घ्याच. पण तो मालकाविरुद्धचा कागद आहे. जिंकलेल्या वादीला तो दाखवून घर वाचत नाही. मालक परदेशी स्थायिक व्हायच्या तयारीत असेल तर त्या बॉन्डची किंमत तुम्हीच ठरवा.

"केस निकाली निघाली" असं कोणी म्हटलं तर निकालाची सर्टिफाइड कॉपी मागा आणि अपील आहे का, अपिलाची मुदत गेली का, हे तपासा. गैरहजेरीमुळे फेटाळलेला दावा तर पुन्हा उभा करून मिळू शकतो.

7. तरीही तेच घर हवं असेल तर

कलम 52 मध्येच एक सरळ रस्ता आहे: कोर्टाच्या परवानगीने आणि कोर्ट घालेल त्या अटींवर व्यवहार करता येतो. मालकाने त्याच दाव्यात अर्ज करायचा, विक्रीची माहिती द्यायची, आणि कोर्टाला वाटलं तर ते काही रक्कम जमा ठेवायला सांगून परवानगी देऊ शकतं. वेळ लागतो, पण हा रस्ता पक्का.

व्यवहारात जास्त चालतो तो दुसरा मार्ग, वादीलाच टेबलावर आणायचं. मामेभावाच्या बाबतीत आम्ही हाच प्रस्ताव ठेवला. भावाने मालकाला स्वच्छ सांगितलं, "तुमचं-त्यांचं आधी मिटवा, कोर्टात कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटी, फाइल करा, मग मी चेक देतो." मिटलं तर वादी दावा मागे घेतो, आणि नवीन करारात तो कन्फर्मिंग पार्टी म्हणून सही करतो, की माझा या फ्लॅटवर काही हक्क उरला नाही. वादीला द्यायची रक्कम तुमच्या पैशांतून थेट त्याच्या नावाने चेकने द्या, मालकाच्या हातून नको.

आणि दावा मिटला की नोंद आपोआप पुसली जाईल या भरवशावर राहू नका. 22 ऑगस्टची ती नोटीस पुढच्या प्रत्येक सर्चमध्ये दिसत राहील आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा खरेदीदार तुम्हाला हेच प्रश्न विचारेल. दावा मागे घेतल्याच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी घ्या आणि वादीकडून नोटीस मागे घेतल्याचा कागदही रजिस्टर करून घ्या, तोही तुमच्या कराराच्या आधी किंवा त्याच दिवशी. नंतर वादी फोन उचलत नाही.

यातलं काहीच जमत नसेल तर टोकन देऊ नका. दिलं असेल आणि केस नंतर कळली असेल, तर विक्रेत्यावर टायटलमधला माहीत असलेला दोष सांगायची जबाबदारी कलम 55 ने टाकलेली आहे, त्या आधारावर टोकन परत मागायची नोटीस वकिलाकडून लगेच पाठवा.

8. आधीच घेऊन बसला असाल तर

घर घेऊन झालंय आणि आता नोटीस सापडली, अशी वेळ असेल तर पहिलं काम, त्या दाव्यात पार्टी होण्यासाठी अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 22 नियम 10 आणि ऑर्डर 1 नियम 10, वकिलाला एवढं सांगितलं की पुरे. आपण पार्टी नसलो तरी निकाल लागूच होणार आहे, मग निदान आपली बाजू मांडता तरी यावी. याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. मालकाला पैसे मिळाले की त्याला केस लढवण्यात रस उरत नाही, तो तारखांना जात नाही, आणि दावा एकतर्फी सुटतो. तुम्ही आत असाल तर साक्षीदारांना उलटतपासणीत प्रश्न विचारता येतात आणि विरुद्ध निकाल लागला तर अपील करता येतं.

पार्टी झालात तरी उभे राहाल ते मालकाच्या जागी, त्याने जो बचाव घेतलाय तोच पुढे न्यायचा, आणि त्याने लेखी उत्तरात काही कबूल करून ठेवलं असेल तर ते तुमच्या अंगावर येतं. म्हणून अर्ज करायच्या आधी त्याचं लेखी उत्तर वाचा.

निकाल विरुद्ध गेला आणि बेलीफ ताबा घ्यायला आला, तर त्या क्षणी "मी स्वतंत्र खरेदीदार आहे" म्हणून अडवून फायदा नाही. दावा चालू असताना ज्याने प्रतिवादीकडून घेतलंय त्याला अंमलबजावणीला हरकत घेता येत नाही, ऑर्डर 21 नियम 102 मध्ये तसं लिहिलेलंच आहे. सुटका शोधायची ती दावा चालू असतानाच, किंवा अपिलात. आणि मालकाविरुद्ध पैसे वसुलीचा मार्ग निकालाची वाट न बघता वकिलाकडून तपासून ठेवा, त्याची दुसरी मालमत्ता कुठे आहे, कुठल्या नावावर आहे, ही माहिती तो अजून फोन उचलतोय तोवरच गोळा होते.